मनगटाबरोबर जांघेतली नाडीही पाहा

समजा, पोलीस भरतीच्या वैद्यकीय तपासणीला तेवीस वर्षांचा एक तरुण येतो. अंगापिंडाने धडधाकट, व्यसन नाही. उजव्या दंडावर रक्तदाब भरतो १७०/१००. ‘परीक्षेचं टेन्शन असेल’ म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा मोजतात, आकडा तोच. जवळचे डॉक्टर गोळी लिहून देतात, मीठ कमी करायला सांगतात. महिन्याने दाब थोडा उतरतो, पण धावताना पोटऱ्या भरून येतात आणि डोके ठणकते, ते तसेच राहते. पाय नेहमी गार असतात, पण ते कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

पुढे दुसरे डॉक्टर त्याला आडवे झोपवतात. एक हात मनगटाच्या नाडीवर, दुसरा जांघेत. एरवी दोन्ही ठोके जवळजवळ एकाच वेळी लागतात. इथे जांघेतला ठोका मंद आहे आणि मनगटानंतर किंचित उशिरा येतो. मग पायाचा रक्तदाब मोजला जातो, तो वरचा ११२. निरोगी माणसात पायातला वरचा दाब हातापेक्षा थोडा जास्तच असतो. इथे तो जवळपास साठने कमी आहे. याचा अर्थ, हात आणि पाय यांच्या मधे वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

हा अडथळा बहुतेक वेळा महाधमनीत असतो. हृदयातून निघालेली ही मुख्य रक्तवाहिनी डोक्याला आणि हातांना फांद्या देऊन खाली वळते. डाव्या हाताची फांदी फुटल्यानंतर लगेचच ती काहींमध्ये जन्मतःच अरुंद असते. त्याला ‘कोआर्क्टेशन’ म्हणतात. अडथळ्याच्या वर दाब तुंबतो, खाली कमी पडतो. मूत्रपिंडे खालच्या बाजूला असल्याने त्यांना रक्त कमी पोचते आणि ती दाब वाढवणारी रसायने सोडतात. म्हणजे दाब दोन्हीकडून वाढतो.

मग हे बालपणी का कळत नाही? आकुंचन तीव्र असेल तर नवजात बाळ पहिल्या काही आठवड्यांतच अत्यवस्थ होते. ते मध्यम असेल तर शरीर आडवाटा काढते. बरगड्यांलगतच्या धमन्या रुंदावतात आणि अडथळा ओलांडून रक्त खाली नेतात. मूल चालते, खेळते, शाळेत जाते. या फुगलेल्या धमन्यांनी बरगड्यांच्या खालच्या कडेला पाडलेल्या खाचा छातीच्या साध्या एक्स-रेत दिसू शकतात. मात्र पाहणाऱ्याच्या मनात शंका असावी लागते.

नुसत्या गोळ्यांवर वर्षे काढणे इथे धोक्याचे आहे. अडथळा तसाच राहिला तर हृदयाचा स्नायू जाड होतो, पुढे थकतो. महाधमनी फाटू शकते, मेंदूतल्या धमनीचा फुगा फुटू शकतो. शिवाय गोळ्यांनी दंडावरचा आकडा फार खाली आणला, तर आधीच कमी मिळणारे मूत्रपिंडांचे रक्त आणखी घटते.

निदान पक्के करायला इको आणि त्यानंतर सीटी किंवा एमआरआय अँजिओग्राफी लागते. इकोत हृदयाची झडपही पाहावी लागते, कारण अशा अनेक रुग्णांत महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात. आपल्याकडे आणखी एक शक्यता तपासावी लागते. ताकायासू हा धमन्यांच्या दाहाचा आजार तरुण मुलींमध्ये अधिक दिसतो, त्यातही नाड्या हरवतात, पण उपचार वेगळे असतात. अडथळ्याच्या दोन बाजूंच्या दाबांत २० किंवा अधिक फरक असेल, तर सहसा तो उघडण्याचा सल्ला देतात. तरुण-प्रौढांत बहुधा जांघेतून नळी घालून स्टेंट बसवता येतो, काहींना शस्त्रक्रिया लागते. त्यानंतरही अनेकांचा दाब पूर्ण उतरत नाही. जागा पुन्हा अरुंद होऊ शकते, तिथे फुगाही येऊ शकतो. म्हणून तपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात.

हे सारे ज्या एका तपासणीने सुरू होते, तिला अर्धा मिनिट लागतो. तरी ती राहून जाते. बाह्यरुग्ण विभागात रांग असते, आडोसा नसतो, जांघेला हात लावायचा संकोच दोन्ही बाजूंना असतो, मांडीचा मोठा पट्टा कपाटात सापडत नाही. त्यावर उपाय आहेत. पडदा लावता येतो, रुग्णाला कारण सांगून परवानगी घेता येते. पट्टा नसेल तर दंडाचाच पट्टा घोट्याच्या वर बांधून पावलावरची नाडी परत कधी लागते ते पाहिले, तरी पायातला वरचा दाब कळतो. दोन्ही दंड मोजणेही आवश्यक आहे, कारण काहींत डाव्या हाताची फांदीही अडथळ्यात सापडते आणि तिथला आकडा फसवा निघतो.

जांघेतली नाडी चांगली लागली म्हणजे प्रश्न संपला असे नाही. तरुणपणीच्या दाबाला मूत्रपिंडाची आणि ग्रंथींची कारणेही असतात, तीही शोधावी लागतात. पण चाळिशीच्या आतल्या माणसाला जन्मभराची गोळी लिहिण्यापूर्वी त्याच्या पायांची नाडी आणि रक्तदाब एकदा पाहिला गेलाच पाहिजे, आणि भरतीच्या तपासणी अर्जातही त्यासाठी एक रकाना हवा. डॉक्टर विसरले, तर ‘पायाचाही मोजता का?’ असे रुग्णाने विचारण्यात काहीच गैर नाही.