भावाला संचालकपदावरून दूर करताना

बुधवार पेठेतील भागीदारीची पेढी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली की भागीदार भाऊ संचालक होतात. पुढे वाद झाल्यास दोघे भाऊ संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव करून तिसऱ्याला काढू पाहतात. तो ठराव कायद्यात टिकत नाही.

मंडळ अध्यक्ष बदलू शकते. मुदतीपूर्वी संचालक काढण्याचा अधिकार मात्र भागधारकांचा आहे. टाटा सन्सच्या मंडळाने २४ ऑक्टोबर २०१६ रोजी सायरस मिस्त्री यांना अध्यक्षपदावरून दूर केले, तरी ते संचालक राहिलेच. त्यासाठी ६ फेब्रुवारी २०१७ रोजी भागधारकांची असाधारण सर्वसाधारण सभा घ्यावी लागली.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६९ नुसार यासाठी साधा बहुमताचा ठराव पुरतो. पण त्याआधी विशेष सूचना हवी. समजा, तीन भावांचे भाग ४०, ३५ आणि २५ टक्के आहेत आणि सभा ३० तारखेस आहे. सूचना देण्याचा व सभेचा दिवस वगळून मध्ये १४ दिवस हवेत. म्हणजे सूचना १५ तारखेपर्यंत कंपनीकडे पोहोचली पाहिजे. सभेची नोटीस तर सामान्यतः २१ दिवस आधी लागते. म्हणून सूचना त्याहूनही अगोदर आलेली बरी.

सूचना येताच तिची प्रत धाकट्या भावाला तातडीने पाठवावी लागते. तो लेखी म्हणणे देऊन ते सर्व भागधारकांना पाठवण्याची मागणी करू शकतो. वेळेअभावी ते पाठवता आले नाही, तर सभेत वाचून दाखवण्याची मागणी त्याला करता येते. शिवाय तो सभेत स्वतः बोलू शकतो. ७५ विरुद्ध २५ हा निकाल आधीच ठाऊक असला, तरी ही पायरी गाळता येत नाही. ती गाळल्यास ठराव न्यायाधिकरणात आव्हानास पात्र ठरतो.

पद गेले तरी त्याचे २५ टक्के भाग त्याचेच राहतात. करारानुसार देय भरपाईही बुडत नाही. २६ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मिस्त्री प्रकरणात टाटा सन्सच्या बाजूने निकाल दिला. केवळ संचालकपद जाणे म्हणजे अल्पमतातील भागधारकांवर अन्याय नव्हे. परंतु टाटा सन्स ही भागीदारीसारखी कंपनी नाही, असेही न्यायालयाने म्हटले. भावांनी परस्पर विश्वासावर उभारलेल्या कंपनीत न्यायाधिकरण निराळा विचार करू शकते. दशांश किंवा अधिक भाग असलेल्याला तेथे दाद मागता येते.

अपात्रतेची गोष्ट वेगळी. तिला मतदान लागत नाही. दिवाळखोरी, किंवा गुन्ह्याबद्दल किमान सहा महिन्यांची शिक्षा झाल्यास त्यानंतरची पाच वर्षे, ही तिची काही कारणे आहेत. व्यापारी घराण्यांना अधिक भोवते ते दुसरेच कारण: सलग तीन आर्थिक वर्षांचे ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्रे दाखल न करणे. मग पाच वर्षे त्या कंपनीत फेरनियुक्ती होत नाही आणि इतर कंपन्यांतील संचालकपदेही जातात. ही अपात्रता केवळ हिशेब पाहणाऱ्या भावापुरती राहत नाही. ज्याने धाकट्याला काढण्यासाठी मत दिले, तोही तिच्यात सापडतो.