पन्नास टक्के सूट, कशाच्या पन्नास टक्के?

‘पुस्तकांवर खर्च केलेले पैसे कधी वाया जात नाहीत’ हे वाक्य मी आता ऐकून घेत नाही. चपला, मोबाईल, पिझ्झा यांच्यावर जास्त पैसे गेले तर आपण स्वतःला दोष देतो. पुस्तकांवर गेले तर पिशवीचा फोटो काढतो, रील टाकतो, आणि लोक खाली बदामाचं चिन्ह लावतात. उधळपट्टीला संस्कृतीचं नाव दिलं की ती उधळपट्टी राहत नाही, असा आपला समज झालाय. माझं म्हणणं उलट आहे. न वाचलेल्या बारा पुस्तकांचे पैसे वायाच जातात. वर ज्या चार पुस्तकांची खरी गरज होती, त्यांचे पैसेही तीच बारा पुस्तकं खातात.

मी आष्ट्याचा. आमच्याकडे मोठं पुस्तक प्रदर्शन गावात येत नाही, आपणच त्याच्याकडे जायचं. सांगली विसेक किलोमीटर, तिथे एखाद्या हॉलमध्ये सेल लागतो. साताऱ्याला जानेवारी २०२६ मध्ये ९९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तसं काही असलं तर शंभरेक किलोमीटरचा प्रवास. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ‘पुढच्या आठवड्यात परत येऊ’ म्हणता येतं. आपल्याला वाटतं, आता आलोय, परत कधी येणार? जास्तीच्या खरेदीचं मूळ या प्रश्नात आहे. विक्रेत्याला काही करावं लागत नाही. एसटीचं तिकीटच आपल्याला ढकलत असतं.

या प्रश्नाचं उत्तर निघण्याआधी घरी बसून काढायचं असतं. त्यासाठी यादी लागते. पण नुसती नावांची यादी उपयोगाची नाही, तशी प्रत्येकाच्या फोनमध्ये असते आणि स्टॉलवर कुणी उघडत नाही. नावापुढे एक आकडा हवा: हे पुस्तक आज घरपोच मागवलं तर किती पडेल? प्रकाशकाच्या किंवा विक्रेत्याच्या साईटवरची सूट वजा करायची, टपाल किंवा कुरिअर मिळवायचं. हा आकडा म्हणजे त्या पुस्तकाची कमाल मर्यादा. प्रदर्शनात त्याहून महाग असेल तर ठेवून द्यायचं. टपालखर्च खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सोय बंद केली, तेव्हापासून तर गावाकडच्या वाचकाला तो जास्तच जाणवतो. म्हणूनच तो आकड्यात धरायचा. मग ‘परत कधी येणार’ या भीतीला किंमत मिळते, आणि ती बहुतेक वेळा पन्नास-साठ रुपये निघते.

समजा, हातात १००० रुपये आहेत, एसटीचे वेगळे. त्यातले ७०० यादीसाठी आणि ३०० तिथे अचानक भेटणाऱ्या पुस्तकांसाठी. यादीत तीन पुस्तकं. पहिलं छापील ४०० रुपयांचं, वीस टक्के सूट आणि ६० रुपये टपाल धरून घरपोच ३८०. प्रदर्शनात पंचवीस टक्के सुटीत ते ३०० ला मिळतंय, घ्यायचं. दुसरं छापील २५० चं, घरपोचही २५० पडतं, प्रदर्शनात दहा टक्के सूट म्हणजे २२५. सूट कमी दिसते, तरी घ्यायचं. तिसरं छापील ५०० चं, ऑनलाईन टपालासकट ३५० ला मिळतं. प्रदर्शनात ‘वीस टक्के सूट’ अशी मोठी पाटी आहे आणि किंमत होते ४००. ते सोडायचं. यादीचा खर्च झाला ५२५. उरलेले १७५ अचानकच्या खात्यात ढकलायचे नाहीत. ते तसेच घरी येतात आणि तिसऱ्या पुस्तकाची निम्मी किंमत होतात.

हे पैसे रोख न्या, दोन वेगळ्या पाकिटांत. क्यूआर कोडवर पैसे देताना हात थांबत नाही. पाकीट रिकामं झालं की ते दिसतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. सूट या शब्दाने आपली फसगत होते, कारण सूट कशावर आहे हे आपण विचारत नाही. आपल्या कायद्यात पुस्तकावरचा हक्क लेखक हयात असेपर्यंत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. ही साठ वर्षं मृत्यूनंतरच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ उजाडलं तेव्हा ‘श्यामची आई’ सगळ्यांसाठी मोकळी झाली. आता ती कुणीही छापू शकतो, आणि अनेकांनी छापली आहे. लेखकाच्या वारसांना मानधन द्यायचं नाही, परवानगी घ्यायची नाही, आणि मागे किंमत किती छापायची हे छापणाऱ्याच्या हातात. त्यामुळे एका स्टॉलवर ३०० छापून निम्म्या किमतीत, म्हणजे १५० ला मिळणारी प्रत आणि दुसऱ्या स्टॉलवर १४० छापून दहा टक्के सुटीत १२६ ला मिळणारी प्रत, यांत ‘पन्नास टक्के’वाली महाग असू शकते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, पण हिशेब तोच. तुकारामांची गाथा, टिळकांचं ‘गीतारहस्य’, हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या, सगळ्यांना तो लागू आहे. उलट आमच्याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०२९ संपेपर्यंत शाबूत आहे.

म्हणून मोकळ्या झालेल्या पुस्तकाच्या बाबतीत सुटीचा फलक पाहूच नका. हातात द्यायची रक्कम पानांच्या संख्येने भागा आणि दोन प्रती शेजारी ठेवा. मग पहिल्या पानांत ‘संक्षिप्त’ किंवा ‘संपादित’ असा शब्द कुठे बारीक अक्षरात आहे का ते बघा. पूर्ण पुस्तकापेक्षा पन्नास रुपयांनी स्वस्त मिळालेली प्रत कधीकधी शंभर पानांनीही स्वस्त असते.

‘बॉक्स भरा’ सेलचंही असंच. ठरलेल्या किमतीत पेटीत मावतील तेवढी पुस्तकं. मी लोकांना पेटी भरताना पाहतो. पहिली चार पुस्तकं नाव वाचून निवडतात, पुढची चार मुखपृष्ठ बघून, आणि शेवटची चार जाडी बघून, कारण कोपऱ्यात फट उरलेली असते. १२०० ची पेटी, बारा पुस्तकं, शंभराला एक, असा हिशेब सगळे सांगतात. हवी होती ती चार. म्हणजे ३०० ला एक पडलं, आणि आठ पुस्तकं फट बुजवायला. पेटी घ्यायची तर आधी हवी असलेली पुस्तकं बाहेर काढून मोजा. पेटीची किंमत भागिले तीच संख्या, बाकीची धरू नका.

आता प्रत हातात घ्या. दीड मिनिट पुरतं. पुस्तकाची पानं सुटी छापत नाहीत. मोठ्या कागदावर बहुतेक वेळा सोळा पृष्ठं एकदम छापतात, मग घडी घालतात, त्या घडीला फर्मा म्हणतात. म्हणून चूक झाली की एका पानाची होत नाही, सोळाची होते. ९६ नंतर थेट ११३ आलं तर एक फर्मा गळालाय. ८१ ते ९६ दोनदा आलं तर एक जास्त लागलाय, आणि बऱ्याचदा त्याच्या बदल्यात दुसरा गळालेला असतो. कागदाची एक बाजू कोरी गेली तर आठ पृष्ठं पांढरी निघतात, पण सलग नाही, विखुरलेली. त्यामुळे पहिलं आणि शेवटचं पान बघून काही कळत नाही. अंगठ्याने सगळं पुस्तक एकदा सोडायचं आणि नजर पृष्ठांकांवर ठेवायची. सेलमध्ये प्रत बदलून मिळत नाही, आणि गळालेला फर्मा घरी वाचताना रात्री सापडतो.

मग पुस्तक मधोमध उघडा. नुसत्या गोंदाने चिकटवलेली बांधणी जुनी झाली असेल तर कण्यात बारीक तडकल्याचा आवाज येतो आणि पान सुटू लागतं. कण्याला वरून बघितलं तर शिलाईच्या पुस्तकात घड्यांचे छोटे गठ्ठे दिसतात. संदर्भासाठी वर्षानुवर्षं उघडायचं पुस्तक शिलाईचं असेल तर चार पैसे जास्त देण्यासारखे आहेत.

कृष्णाकाठच्या माणसाला एक तपासणी जास्त करावी लागते. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली, २०२१ ला पाणी पुन्हा आलं. घराघरांतली, दुकानांतली पुस्तकंही भिजलीच. जुन्या पुस्तकांच्या ढिगात भिजून वाळलेली प्रत ओळखायला कडेने बघा: पानं लाटेसारखी उठलेली, खालच्या कोपऱ्यात तपकिरी रेघ, आणि गुळगुळीत कागदावरच्या चित्रांची पानं एकमेकांना चिकटलेली. ती ओढून सोडवू नका, चित्र फाटतं. कुबट वास येत असेल तर फुकटही नको, ती बुरशी शेजारच्या पुस्तकांवर चढते.

आणि फार खपणारी कादंबरी रस्त्याकडेला निम्म्याहून कमी किमतीत दिसली तर अक्षरांकडे बघा. मजकूर पानावर तिरका बसलेला, अक्षरांच्या कडा पसरलेल्या, मुखपृष्ठावरचा फोटो धुरकट, मागच्या पानाची शाई अलीकडे दिसते, अशी प्रत चोरून छापलेली असते. तिथे तुम्ही स्वस्त खरेदी करत नाही, लेखकाचं मानधन कापून घेता.

एक मित्र म्हणतो, “अरे, पण असं वाण्याच्या दुकानात गेल्यासारखं जायचं, तर पुस्तकं भेटण्यातली मजा कुठे राहिली?” त्या मजेसाठीच ३०० चं पाकीट वेगळं ठेवलंय. फक्त ते पहिल्या फेरीत उघडायचं नाही. आधी सगळे स्टॉल फिरायचे, आवडलेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा आणि आवृत्ती छापलेल्या पानाचा फोटो घ्यायचा, बाहेर चहा प्यायचा, आणि मग ठरवायचं. ते ३०० अशा पुस्तकावर घालवा जे तुम्हाला घरी बसून मिळणार नाही: एखाद्या लहान प्रकाशकाचं, दुकानात न पोचणारं, किंवा आवृत्ती संपलेलं जुनं. अशा पुस्तकासाठी मी मर्यादाही मोडेन, कारण त्याची घरपोच किंमत काढताच येत नाही. ‘परत कधी येणार’ हा प्रश्न खरा ठरतो तो फक्त त्या एका पुस्तकाबाबत. साठ टक्के सुटीतल्या, कुठेही मिळणाऱ्या गठ्ठ्याबाबत तो विचारणं म्हणजे स्वतःलाच टोपी घालणं.