फजरनंतरची तीन मिनिटे

शिवाजी पार्कच्या आमच्या घरात फजरची नमाज झाली की अम्मी मुसल्ला घडी करता करता हॉलमधल्या स्मार्ट स्पीकरला हाक मारतात आणि ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात. मग तो आधी हवामान सांगतो, नंतर आजच्या दिवसाच्या नोंदी, शेवटी राहिलेली कामे. आम्ही चहा ठेवेपर्यंत सगळे सांगून होते.

हे बसवायला फार खटपट नाही. स्पीकरच्या ऍपमध्ये Routines नावाचा भाग असतो. तिथे आपण कोणते शब्द उच्चारणार ते लिहायचे आणि त्यापुढे काय काय सांगायचे ते क्रमाने जोडायचे. ठरावीक वेळ लावून स्पीकर आपोआप बोलेल अशीही सोय असते. ती आम्ही मुद्दाम घेतली नाही. मुंबईत जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सव्वासातला, तशी फजरही सरकते. एकच वेळ लावली असती, तर वर्षातले काही महिने स्पीकर नमाजेच्या मध्येच बोलायला लागला असता.

हवामानासाठी ऍपमध्ये आपला पत्ता नीट भरा. तो चुकला असेल तर अंदाज भलत्याच ठिकाणचा येतो, म्हणून सुरुवातीला स्पीकर कोणत्या गावाचे नाव घेतो तिकडे कान द्या. पत्ता बरोबर असूनही पावसाळ्यात जपून ऐकावे लागते. हवामान खात्याच्या मुंबईतल्या दोन मुख्य वेधशाळा कुलाबा आणि सांताक्रूझला आहेत, आणि आपला दादर-माहीमचा भाग दोन्हींच्या मध्ये. २६ जुलै २००५ च्या पावसात चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला फक्त ७३. तेव्हा ‘मुंबईत पाऊस’ एवढ्या शब्दांत आपल्या गल्लीचे काही कळत नाही. शिवाय भरतीची वेळ आमचा स्पीकर आपणहून सांगत नाही. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला, तर पाण्याला समुद्रात जायला वाट उरत नाही आणि हिंदमाता तुंबते. म्हणून पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या तारखा आणि वेळा आम्ही आधीच कॅलेंडरमध्ये लिहून ठेवतो. मग नोंदींबरोबर त्याही ऐकू येतात.

कॅलेंडरचा धडा मात्र आम्हाला २०२५ च्या सप्टेंबरने दिला. फोनच्या कॅलेंडरमध्ये सुट्ट्यांची तयार यादी जोडता येते. तिच्यात ईद-ए-मिलाद ५ सप्टेंबरला होती. पण ६ ला अनंत चतुर्दशी आली. दादर चौपाटी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. विसर्जनाची गर्दी आम्ही दरवर्षी पाहतो. जुलूस ८ तारखेला काढायचे ठरले आणि राज्य सरकारने मुंबई शहर व उपनगर या दोन जिल्ह्यांसाठी सुट्टी ५ वरून ८ ला नेली. बाकीच्या जिल्ह्यांत ती ५ लाच राहिली. तयार यादीला हा फरक कुठून कळणार? आमच्या स्पीकरने ५ ला सकाळी सुट्टी जाहीर केली आणि मुले पुन्हा पांघरुणात शिरली. शाळेची नोटीस आठवली तेव्हा डबा भरायलाही वेळ उरला नव्हता. दोन्ही ईदांचेही असेच. यादीतली तारीख आधी गणिताने काढलेली असते, आपली ईद चंद्रदर्शनावर ठरते. आता आम्ही तयार यादी काढून टाकली आहे. चांद दिसल्याची खबर पक्की झाली की घरातले कोणीतरी हाताने नोंद करते.

दुसरी चूक जास्त जिव्हारी लागली. आमच्या धाकट्या जावेने डॉक्टरांकडे जायची तारीख तिच्या कॅलेंडरमध्ये लिहिली होती, दवाखान्याच्या नावासकट. घरात ती बातमी तिला इतक्यात कोणाला सांगायची नव्हती. कॅलेंडर जोडताना आम्ही सगळ्यांची सगळी कॅलेंडरे जोडून टाकली होती. हॉलमध्ये पाहुणे बसलेले, आणि स्पीकरने ते नाव खणखणीत वाचले. ती बिचारी आत निघून गेली. त्यात यंत्राचा दोष नव्हता, जोडणी आमची होती. त्याच दिवशी आम्ही Ghar नावाचे वेगळे कॅलेंडर केले आणि ऍपच्या सेटिंगमध्ये तेवढ्या एकावरच खूण ठेवली. शाळेची फी, गॅस, अम्मींची रक्ततपासणी त्यात जाते. ज्याचे त्याचे खासगी ज्याच्या त्याच्या फोनवर राहते. जावेला आम्ही ऍप उघडून कोणती खूण काढली ते दाखवले, तेव्हा कुठे तिने पुन्हा फोनमध्ये तारखा लिहायला घेतल्या.

कामांची यादी आम्ही तीनवर आणली आहे. झालेल्या कामावर खूण केली नाही, तर स्पीकर ते रोज वाचत राहतो आणि आठवड्याभरात ते कोणाच्या कानावरही पडत नाही. ‘पाण्याच्या टाकीवाल्याला फोन’ हे काम आमच्याकडे असेच एकवीस दिवस वाजत होते. शेवटी अम्मींनीच फोन उचलला.