बालकलाकार ‘नैसर्गिक’ नसतो. त्याचे दृश्य रचावे लागते

१/ ‘लहान मुले काय, नैसर्गिकच अभिनय करतात’ हे वाक्य चित्रपटचर्चेत कौतुक म्हणून उच्चारले जाते. वस्तुतः त्यात दुहेरी अन्याय आहे. त्यामुळे दिग्दर्शकाची रचना झाकली जाते आणि मुलाचे श्रम नाकारले जातात. हा धागा त्या समजुतीविरुद्ध आहे. आणि ‘संवाद नीट पाठ करून घेतले की मूल उभे राहते’ या तिच्या जुळ्या भावंडाविरुद्धही.

२/ प्रथम इतिहासातील एक स्पष्ट दाखला. २७ ऑक्टोबर १९५२. ‘पथेर पांचाली’च्या चित्रणाचा पहिला दिवस, काशफुलांचे रान. छोटा अपू बहिणीला शोधत, थबकत, इकडेतिकडे पाहत चालतो, एवढेच दृश्य. सुबीर बॅनर्जी हा मुलगा मात्र कवायतीला निघाल्यासारखा ताठ चालू लागला. ‘शोधत चाल’ ही सूचना त्याला समजली होती. ती देहात उतरत नव्हती.

३/ सत्यजित राय यांनी ‘भाव आण’ असे पुन्हा सांगितले नाही. त्यांनी मुलाच्या वाटेत छोटे अडथळे टाकले, म्हणजे ते ओलांडताना पाऊल आपोआप अडखळेल. दोन्ही बाजूंना सहायक उभे केले. ठरलेल्या क्षणी त्यांनी नावाने हाक मारायची, म्हणजे मान वळेल. पडद्यावर दिसतो तो भावाचा शोध. प्रत्यक्षात घडली ती हाकेला दिलेली ओ. यात ‘नैसर्गिक’ काय होते? मुलाचा प्रतिसाद. बाकी सारे रचलेले होते.

४/ आता मुंबईकडे या. मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे!’ (१९८८). रस्त्यावर राहणाऱ्या मुलांचीच निवड करायची असे ठरले आणि नाट्यशिक्षक बॅरी जॉन यांच्यासह कार्यशाळा भरवली गेली. सुमारे १३० मुले आली, त्यांतून २४ निवडली गेली. रस्त्यावरची मुले म्हणजे आयता वास्तववाद, अशी कोणाची कल्पना असेल तर ती येथे कोसळते. कॅमेऱ्याचे नाव काढताच ही मुले हिंदी चित्रपटातील नायकाची ढब उभी करीत. तीही एक प्रकारची घोकंपट्टीच होती; फक्त शाळेची नव्हे, पडद्याची.

५/ म्हणून तेथील खरे काम शिकवण्याचे कमी आणि विसरायला लावण्याचे अधिक होते. खेळ, हालचाली, गोष्टी सांगणे, एखादा प्रसंग आपल्या शब्दांत करून दाखवणे, असा क्रम होता. सूनी तारापोरवाला यांच्या पटकथेलाही मुलांच्या सहवासातून आकार मिळाला. शफीक सय्यद या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. तो त्याच्या ‘निरागसते’ला नव्हे, त्याच्या कामाला मिळाला, असे म्हणण्याचे धैर्य समीक्षेने दाखवावे.

६/ पाठांतरावर आक्षेप नेमका कोणता? स्नेहसंमेलनाचे कोणतेही चित्रण पाहा. समोरचा बोलत असताना त्याचेच वाक्य मुलाच्या ओठांवर हलत असते. स्वतःची पाळी येताच नजर वर जाते, कारण मूल समोरच्या माणसाला नव्हे, वहीच्या पानाला पाहत असते. पाठ केलेले मूल ऐकत नाही, ते वाट पाहते. रंगमंचावर हा दोष लांबून खपतो; जवळून लावलेल्या कॅमेऱ्यापुढे खपत नाही.

७/ वाशिमचे उदाहरण कल्पून पाहू. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेवर लघुपट करायचा आहे. नऊ वर्षांची मुलगी पद्मतीर्थाच्या काठी आजोबांना विचारते, ‘आपले गाव एकेकाळी राजधानी होते का?’ पहिली पद्धत अशी : चार ओळींचा प्रमाण मराठीतला संवाद आठवडाभर घोटून घ्यायचा. घरी ‘मले’, ‘तुले’ म्हणणारी मुलगी कॅमेऱ्यापुढे ‘मला’, ‘तुला’ जुळवण्यात गुंतते आणि तिच्या चेहऱ्यावर प्रश्न नव्हे, परीक्षा दिसते.

८/ दुसरी पद्धत अशी. आजोबा मुठीत एक नाणे लपवतात आणि मुलीने फक्त प्रश्न विचारून ते ओळखायचे. खेळ रंगला की ‘येथे राजा राहत होता’ एवढे आजोबा मध्येच सांगतात. कॅमेरा आधीच सुरू असतो. ‘अ‍ॅक्शन’ची आरोळी नसते. वीस-तीस सेकंदांचा एक तुकडा मिळतो, मग थांबायचे. हवा असलेला एखादा शब्द तुकड्याच्या अगदी आधी, अर्थ सांगून द्यायचा. मुलगी ‘राजा? अथी?’ म्हणाली तर तोच संवाद. वऱ्हाडी बोली येथे सजावट म्हणून येत नाही, ती मुलीच्या विचाराची भाषा म्हणून येते.

९/ या पद्धतीची किंमतही सांगितली पाहिजे. मूल तेच कृत्य तसेच पुन्हा करीत नाही. एका तुकड्यात डावा हात वर, दुसऱ्यात उजवा. मग संकलनात सांधा जुळत नाही. म्हणून आजोबांच्या चेहऱ्याचे, हातांचे, पाण्याचे वेगळे तुकडे घेऊन ठेवावे लागतात. खेळ तीन-चार वेळांनंतर शिळा होतो, तेव्हा तो बदलावा लागतो. समोरच्या प्रौढ नटाला आयत्या वेळी सावरून घेता आले पाहिजे. आणि जेथे शब्दच आशय आहे, म्हणजे श्लोक, अभंग, पोवाडा, तेथे पाठांतराला पर्याय नाही.

१०/ आणि सर्वांत कठोर आक्षेप. खेळ हा नेहमीच दयाळू असतो असे नाही. १९३१ च्या ‘स्किपी’ या अमेरिकन चित्रपटात जॅकी कूपर या मुलाला रडवण्यासाठी दिग्दर्शक नॉर्मन टॉरोग यांनी त्याच्या कुत्र्याला गोळी घालण्याची धमकी दिली. मूल खरेच रडले. टॉरोग यांना त्याच चित्रपटासाठी ऑस्कर मिळाले. पन्नास वर्षांनी कूपर यांनी आत्मचरित्राच्या शीर्षकातच ‘माझ्या कुत्र्याला गोळी घालू नका’ ही विनवणी नोंदवली.

११/ राय यांची हाक आणि टॉरोग यांची धमकी, दोन्हींत मुलाला पूर्ण कल्पना नव्हती. मग भेद कोठे? चित्रण संपल्यावर सारे उघड केले तर मूल हसेल की दुखावेल, हीच कसोटी. हाकेची युक्ती सांगितली तर मूल हसेल. धमकी सांगितली तर विश्वास मोडेल. ‘पण अश्रू खरे होते’ हा बचाव इतिहासापुढे टिकत नाही.

१२/ ही कसोटी केवळ सदिच्छेवर सोडलेली नाही. बालकामगारविषयक कायद्याच्या २०१७ च्या सुधारित नियमांनुसार बालकलाकाराचे काम दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक नसावे, विश्रांतीविना सलग तीन तासांपेक्षा अधिक नसावे, आणि त्याच्या इच्छेविरुद्ध तर मुळीच नसावे. निर्मात्याने चित्रणाआधी त्या जिल्ह्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. वाशिमात चित्रण असेल तर वाशिमच्याच. मुलाच्या उत्पन्नाचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत जातो.

१३/ कायदा ज्याला काम म्हणतो, त्याला रसिकांनी ‘निसर्ग’ म्हणू नये. यापुढे एखाद्या मुलाचा चेहरा पडद्यावर खरा वाटला, तर ‘किती गोड’ म्हणण्याआधी एक प्रश्न विचारावा : कॅमेऱ्याच्या बाहेरून या मुलाला कोणी हाक मारली, आणि ती हाक होती की धमकी?