टोमॅटोचा भाव आणि व्याजाचा दर

जुलै २०२३ मध्ये जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटला दोन हजार रुपयांपुढे भाव मिळाला. त्या महिन्यात देशातील किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. तरीही ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे बँकांना अल्प मुदतीने पैसे देण्याचा दर, ६.५ टक्क्यांवरच ठेवला. वास्तविक महागाई जितकी वाढेल त्याहून अधिक व्याजदर वाढवावा, असे अर्थशास्त्र सांगते. अमेरिकेतील जॉन टेलर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या सूत्रावरून या तत्त्वाला त्यांचे नाव मिळाले. मग रिझर्व्ह बँक चुकली काय?

आधी तत्त्व पाहू. आंबेगाव तालुक्यात मंचरला एखाद्याला घर बांधायचे आहे. एक लाखाच्या कर्जावर व्याज १० टक्के, म्हणजे वर्षाला दहा हजार. सिमेंट, लोखंड आणि मजुरी वर्षाला ६ टक्क्यांनी महागत आहेत. आजच खरेदी केली तर सहा हजार वाचतात. व्याजाचा खरा बोजा चार हजारांचा. आता महागाई ८ टक्के झाली आणि बँकेने व्याज ११ टक्के केले. दर चढला खरा. पण अकरातून आठ वजा जाता बोजा तीनच हजार उरला! कर्ज स्वस्तच झाले. थांबलेलेही खरेदीला धावतात आणि महागाई आणखी भडकते. टेलर यांच्या सूत्रात महागाईच्या एका टक्क्यामागे व्याज दीड टक्का वाढते. त्या हिशेबाने व्याज १३ टक्के झाले, तर बोजा पाच हजार होतो आणि माणूस घर पुढच्या वर्षावर ढकलतो. बाजार निवतो तो असा.

२०२२ मध्ये हा धडा आपल्याला मिळाला. एप्रिलमध्ये महागाई ७.७९ टक्के होती आणि रेपो दर अवघा ४ टक्के. मे महिन्यापासून तो वाढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ वर गेला. ही सुरुवात आधी व्हायला हवी होती, असे माझे मत आहे.

टोमॅटोची गोष्ट मात्र निराळी. व्याज वाढवल्याने तोडा लवकर येत नाही. नवा माल आला आणि भाव कोसळले. ऑक्टोबरपर्यंत महागाई ४.८७ टक्क्यांवर उतरली. महागाई मुरली आहे की नाही, हे एका भाजीवरून ठरत नाही. मजुरी, घरभाडे, शाळेची फी, दवाखान्याचा खर्च हेही चढू लागले आणि पुढेही चढतील असे लोक धरून चालू लागले, तर ती मुरली म्हणायची. २०२३ मध्ये अन्न व इंधन वगळून उरलेली महागाई उतरत होती. म्हणून थांबणे योग्य होते. ती चढत असती, तर अर्ध्या-पाव टक्क्याच्या वाढीने भागले नसते.