आधी बूट पाहावा, मग नख

औपचारिक पोशाखाबरोबर घालावयाच्या बुटांचे टोक ढोबळमानाने तीन प्रकारचे असते : गोल, चौकोनी आणि निमुळते. दुकानात यांतील निवड डोळ्यांनी होते. गोल टोक पोक्त, चौकोनी भारदस्त आणि निमुळते रुबाबदार, असा सर्वसाधारण समज आहे. पायाचा प्रश्न मात्र निराळाच असतो. बोटे जेथे असतात, नेमक्या त्या जागी बुटाची रुंदी आणि उंची किती, एवढेच त्याला ठाऊक असते. माझे स्पष्ट मत असे आहे की, किशोरवयीन रुग्णाच्या अंगठ्याचे रुतलेले नख काढण्याचा सल्ला देण्यापूर्वी आपण डॉक्टरांनी त्याचे बूट मागवून पाहावेत. पायाइतकेच तेही तपासणीचे साहित्य आहे.

कागदावर उभे राहून आपल्या पावलाची बाह्यरेषा काढून पाहावी. पाऊल चवड्यापाशी सर्वांत रुंद असते. तेथून पुढे करंगळीची बाजू तिरकी आत येते, अंगठ्याची बाजू मात्र बहुतांशी सरळ पुढे जाते. म्हणजे बहुतेकांच्या पावलाचे टोक अंगठ्याजवळ असते, मध्यभागी नव्हे. औपचारिक बुटाचा फर्मा मात्र बहुधा असा घडवलेला असतो की, टोक मध्याकडे झुकावे. पाऊल आणि बूट यांतील मूळ विसंवाद हा आहे आणि तो थोड्याफार प्रमाणात तिन्ही प्रकारांत आढळतो. बुटाच्या कडा कोठून आत वळू लागतात, यावर त्याचा त्रास अवलंबून असतो.

गोल टोकात हे वळण उशिरा आणि सावकाश येते. त्यामुळे अंगठा व करंगळी या दोहोंना बऱ्यापैकी जागा मिळते. चौकोनी टोकात पुढची कड आडवी असल्याने दोन्ही कोपरे मोकळे राहतात. पाचही बोटे जवळजवळ सारख्या लांबीची असणाऱ्यांना तो विशेष मानवतो. परंतु अनेक चौकोनी बुटांचे टोक पटाशीसारखे चपटे असते. रुंदी मिळते, उंची जाते आणि दाब वरून नखावर येतो. निमुळत्या टोकात वळण चवड्याच्या पुढे लगेच सुरू होते. चांगला कारागीर म्हणूनच असा बूट एक-दोन सेंटिमीटर अधिक लांब करतो, जेणेकरून बोटे संपल्यावरच खरा निमुळतेपणा यावा. असा बूट सुखकर असू शकतो, हे मान्य केले पाहिजे. तसे केलेले नसेल तर मात्र अंगठा आत ढकलला जातो आणि चौथे बोट व करंगळी एकमेकांवर दाबली जाऊन तेथे कुरूप होते.

येथेच दुकानातील नेहमीची परीक्षा फसवते. विक्रेता बुटाच्या टोकावर अंगठा दाबून सांगतो, ‘‘बघा, पुढे किती जागा आहे!’’ निमुळत्या बुटात ही पोकळी हमखास सापडते. पण ती लांबीची पोकळी असते. बोटांना हवी असते ती रुंदी, आणि ती दोन बोटे मागे मोजावी लागते.

एक उदाहरण तपशिलाने सांगतो. सतरा वर्षांचा एक मुलगा उजव्या अंगठ्याच्या नखाची सूज घेऊन आला. आठ महिन्यांपूर्वी अन्यत्र त्याच्या नखाची कड काढली होती. दुखणे परतले होते. वक्तृत्व स्पर्धांसाठी घेतलेले काळे, निमुळते, बिननाडीचे बूट तो महाविद्यालयातही रोज घाले. त्याच्या उभ्या पावलाची रेषा काढली. लांबी २६२ मिलिमीटर भरली. टाचेपासून २१५ मिलिमीटरवर, म्हणजे करंगळीच्या टोकाशी, पाऊल ९१ मिलिमीटर रुंद होते. बुटातील सुकतळा बाहेर काढून त्याच जागी मोजला. तो ७८ भरला. वरचे चामडे सुकतळ्याच्या कडेबाहेर थोडे फुगते, म्हणून चार-पाच मिलिमीटरचा फरक खपून जातो. तेरा मिलिमीटरचा नाही.

‘‘मग एक नंबर मोठा घेऊ,’’ वडील म्हणाले. पण आपल्याकडे चालणाऱ्या इंग्रजी मापात एका नंबराने लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते, रुंदी जेमतेम दोन. शिवाय लांब बुटात टाच सुटते, पाऊल पुढे सरकते आणि बोटे त्याच निमुळत्या भागात जाऊन रुततात. नाडी असती तर तिने पाऊल मागे धरून ठेवले असते. ‘‘वापरून सैल होतील,’’ हा दुसरा दिलासाही अर्धाच खरा आहे. चवड्यावरचे चामडे ताणते; टोकाचा आकार टिकावा म्हणून त्याखाली कडक थर घातलेला असतो, तो ताणत नाही.

त्याच नंबराचे आणखी दोन जोड त्यांनी आणून दाखवले. चौकोनी बुटाचा सुकतळा त्या जागी ८८ होता, परंतु चालताना नखावर वरून दाब येत असल्याचे मुलाने सांगितले. गोल टोकाचा, नाडीचा बूट ८७ होता, उंचीही पुरेशी होती आणि उभे राहिल्यावर अंगठ्यापुढे सुमारे १२ मिलिमीटर जागा उरत होती. तोच ठरला. पू नव्हता, म्हणून कोमट पाण्याचा शेक, नखाच्या कडेखाली कापसाची बारीक वात आणि नख कोपरे न गोलावता सरळ कापणे, एवढेच सांगितले. सहा आठवड्यांत सूज ओसरली. ‘‘हे शाळेतले वाटतात,’’ एवढीच त्याची तक्रार राहिली.

सर्व दोष बुटाचा, असे माझे म्हणणे नाही. नखाचे कोपरे खोल कापण्याची सवय आणि घाम यांचाही वाटा असतो. अंगठा करंगळीकडे कलण्याच्या विकृतीत आनुवंशिकता प्रबळ असते. तरीही केंब्रिज येथील मध्ययुगीन दफनभूमींतील सांगाड्यांचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास विचारात घेण्याजोगा आहे. अकराव्या ते तेराव्या शतकांतील सांगाड्यांत ही विकृती ६ टक्के आढळली. चौदाव्या व पंधराव्या शतकांतील सांगाड्यांत २७ टक्के. चौदाव्या शतकात तेथे लांब टोकदार बुटांची फॅशन आली होती. एवढ्याने कार्यकारण सिद्ध होत नाही, पण संशय बळावतो.

समारंभात दोन तास निमुळता बूट घातल्याने कोणाचे पाऊल बिघडत नाही. रोजचे आठ तास ही वेगळी गोष्ट आहे, आणि वाढत्या पायाची तर त्याहून वेगळी. तेव्हा पालकांनी बूट घ्यावयास जाताना, शक्यतो सायंकाळी, मोठ्या पावलाची रेषा कापून खिशात न्यावी आणि ती सुकतळ्यावर ठेवून पाहावी. कागद कडेबाहेर फार डोकावला, तर टोकाचा आकार कोणताही असो, तो बूट परत ठेवावा. आणि आपण वैद्यक व्यावसायिकांनी नखाची शस्त्रक्रिया लिहून देण्यापूर्वी एवढेच म्हणावे : ‘‘उद्या येताना रोजचे बूट घेऊन या.’’ त्यास खर्च काहीच येत नाही.