कंटेनरचा माल आहे? मग एफओबी लिहू नका!

मित्रांनो, तासगावचा बेदाणा कंटेनरने जर्मनीला पाठवताय आणि करारात सवयीने 'एफओबी न्हावा शेवा' लिहिलंय? माझ्या मते हे चुकतंय. कंटेनर तुम्ही यार्डात सोपवता, पण माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमचीच. मधल्या दिवसांत माल भिजला, तर भुर्दंड तुम्हालाच.

त्याऐवजी 'एफसीए, इन्कोटर्म्स २०२०' आणि माल सोपवण्याची नेमकी जागा लिहा. तिथे वाहतूकदाराने माल ताब्यात घेतला की जोखीम खरेदीदाराकडे जाते.

पण एक मेख आहे. एलसीवर पैसे देताना बँक माल बघत नाही, कागद बघते. एलसीत 'ऑन बोर्ड' बिल ऑफ लेडिंग मागितलंय आणि तुमच्या हातात नुसती यार्डाची पावती असेल, तर पैसे अडकतात. म्हणून शिपिंग लाइनने तसं बिल तुम्हाला द्यावं, अशी सूचना खरेदीदाराने तिला द्यायची, ही अट करारात घाला. २०२० च्या नियमांत ही सोय आहे.

राहिला कायदा. तो इन्कोटर्म्सही ठरवत नाही आणि एलसीही नाही. भारतीय कायदा हवा असेल, तर सही करण्याआधी तशी ओळ करारात लिहून घ्या.